पासवर्ड मॅनेजरची तिजोरी: कुलूप कुठे लागतं आणि कुठे लागत नाही

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझ्या मामांचं मशीन शॉप आहे. जीएसटी, ई-वे बिल, पीएफ, दोन बँका, वीजबिल आणि मोठ्या गिऱ्हाइकांची व्हेंडर पोर्टल्स एवढे पासवर्ड एका डायरीत होते. त्यातले निम्मे एकसारखेच. ते सगळे पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत जपणाऱ्या अ‍ॅपमध्ये, हलवायचं काम माझ्याकडे आलं. मामांचा पहिला प्रश्न अगदी नेमका होता: "आरं, कंपनीला आपला पासवर्ड ठाऊकच नाही म्हणतोस, मग ती आत सोडती कशी?"

याचं उत्तर समजलं की बाकीचं सगळं जागेवर बसतं. कुठे निर्धास्त राहायचं आणि कुठे डोळे उघडे ठेवायचे, दोन्ही कळतं. म्हणून हा लेख त्या प्रश्नापासून सुरू होतो आणि मग एकेक पायरी घेतो. उदाहरणासाठी बिटवॉर्डन घेतलं आहे. त्याचा कोड खुला आहे आणि आतली रचना कंपनीने लिहून प्रसिद्ध केलेली आहे. दुसरं कुठलं वापरत असाल तर मेनूची नावं बदलतील, तत्त्व तेच राहील.

सुरुवातीला हे जवळ ठेवा:

- स्वतःचा संगणक, अद्ययावत केलेला. सायबर कॅफेतला किंवा ऑफिसातला सामायिक नको.
- स्मार्टफोन, त्यात ऑथेंटिकेटर अ‍ॅप.
- ईमेल खातं, ज्याचा पासवर्ड तुम्हाला तोंडपाठ आहे.
- जाड मराठी शब्दकोश आणि ० ते ९ अंक लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या.
- कागद, पेन, एक पेनड्राइव्ह.

आधार, पॅन वगैरे काहीही लागत नाही. कोणी मागितलं तर तुम्ही चुकीच्या साइटवर आहात.

## १. आधी समजून घ्या: कुलूप तुमच्याच संगणकावर लागतं

तुम्ही मास्टर पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडायचा एकच पासवर्ड, टाकता तेव्हा तो कंपनीकडे जात नाही. तुमच्या संगणकावरचं अ‍ॅप तो पासवर्ड आणि तुमचा ईमेल पत्ता एकत्र घेऊन एका गणिती प्रक्रियेतून फिरवतं. एकदा नाही, सहा लाख वेळा. या पद्धतीचं नाव पीबीकेडीएफ२. शेवटी २५६ बिटांचा एक आकडा हाती येतो, तीच मास्टर किल्ली. ईमेल मिसळण्याचं कारण असं, की दोन माणसांनी योगायोगाने एकच पासवर्ड ठेवला तरी त्यांच्या किल्ल्या वेगळ्या निघाव्यात आणि चोराला एकच तक्ता आधीच तयार करून सगळ्यांवर चालवता येऊ नये.

हे स्वतः बघायचं असेल आणि संगणकावर पायथन असेल तर ही ओळ चालवा. खरा पासवर्ड टाकू नका, नमुन्याचाच ठेवा:

```
python3 -c "import hashlib; print(hashlib.pbkdf2_hmac('sha256', b'test-password', b'test@example.com', 600000).hex())"
```

क्षणभर थांबून ६४ अक्षरांची एक माळ दिसेल. आता `test-password` मधलं एकच अक्षर बदला आणि पुन्हा चालवा. आधीच्या माळेशी काही साम्य उरणार नाही. तो जो क्षणभराचा थांबा जाणवला, तो मुद्दाम ठेवलेला आहे. तुम्हाला दिवसातून दोनचार वेळा थांबावं लागतं, चोराला मात्र प्रत्येक अंदाजामागे तेवढंच काम करावं लागतं.

आता मामांच्या प्रश्नाचं उत्तर. अ‍ॅप मास्टर किल्लीवर आणखी एक फेरी चालवून तिचा हॅश, म्हणजे तिच्या ठशासारखा एक आकडा, काढतं आणि फक्त तो हॅश सर्व्हरला पाठवतं. हॅशवरून उलट जाऊन किल्ली काढता येत नाही. सर्व्हर त्या हॅशवर स्वतःच्या आणखी फेऱ्या चालवून निकाल जपतो आणि पुढच्या वेळी जुळवून बघतो. जुळलं की तुमची कुलूपबंद तिजोरी तुमच्याकडे पाठवतो. ती उघडते तुमच्या संगणकावर, कारण मास्टर किल्ली तिथेच तयार झालेली असते. सर्व्हरचं काम एवढंच: माणूस ओळखायचा आणि बंद डबा हातात द्यायचा. या रचनेला झिरो-नॉलेज म्हणतात.

आणखी एक थर आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. तिजोरीतल्या नोंदी थेट मास्टर किल्लीने बंद होत नाहीत. खातं उघडताना अ‍ॅप एक दुसरी किल्ली यादृच्छिक पद्धतीने तयार करतं. नोंदीतला मजकूर, म्हणजे नाव, युजरनेम, पासवर्ड, वेबसाइटचा पत्ता आणि टीप, त्या दुसऱ्या किल्लीने एईएस-२५६ या कुलूप लावायच्या पद्धतीने बंद होतो. दुसरी किल्ली स्वतः मास्टर किल्लीपासून बनलेल्या किल्लीने बंद होऊन सर्व्हरवर राहते.

यामुळे मास्टर पासवर्ड बदलताना शेकडो नोंदी पुन्हा बंद कराव्या लागत नाहीत, फक्त दुसऱ्या किल्लीवरचं कुलूप बदलतं. सोय मोठी आहे. पण हीच गोष्ट आठव्या पायरीत वेगळ्या कारणाने महत्त्वाची ठरते, ती लक्षात ठेवा.

## २. मास्टर पासवर्ड डोक्यातून काढू नका, सोडतीने काढा

बंद तिजोरी चोराच्या हाती लागली तर त्याच्याकडे एकच मार्ग उरतो: अंदाज करत राहायचं. एईएस-२५६ फोडण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. म्हणजे सगळा भार तुमच्या मास्टर पासवर्डवर येतो. इथे मी हिशोब करूनच दाखवतो.

समजा पासवर्ड आहे एक नेहमीचा शब्द आणि पुढे चार आकडे. आपल्याकडे अंबाबाई, जोतिबा, रंकाळा, मुलीचं नाव, गाडीचा नंबर, जन्मसाल, असलंच काहीतरी सुचतं. चोराने एक लाख नावांची आणि शब्दांची यादी घेतली, त्यात कोल्हापूरची देवस्थानं आणि तालमी घालणं काहीच अवघड नाही. प्रत्येकापुढे ०००० ते ९९९९. एकूण शक्यता १०० कोटी. सहा लाख फेऱ्यांच्या पासवर्डवर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा हजार अंदाज करतं असं धरू. १०० कोटी भागिले १० हजार म्हणजे एक लाख सेकंद, साधारण २८ तास. एक कार्ड, सव्वा दिवस, आणि तिजोरी उघडी. मध्ये `@` टाकलं किंवा पहिलं अक्षर कॅपिटल केलं तर हे काही पटीत वाढेल, पण महिन्यांच्या आतच राहील.

आता सोडत. दहा चिठ्ठ्या वाटीत टाका, एक काढा, अंक लिहा, चिठ्ठी परत टाका. असं तीन वेळा केलं की ००० ते ९९९ मधला एक आकडा मिळतो. शब्दकोशातलं त्या क्रमांकाचं पान उघडा (००० आला तर १००० वं पान) आणि पानावरचा पहिला शब्द घ्या. असे सहा शब्द काढा. शब्दकोश हजार पानांपेक्षा लहान असेल आणि आकडा पुढे गेला तर पुन्हा सोडत काढा.

शक्यता किती? हजाराचा सहावा घात, म्हणजे एकावर अठरा शून्यं. चोराकडे एक नाही, हजार कार्डं आहेत असं धरा, सेकंदाला एक कोटी अंदाज. सगळ्या शक्यता संपवायला तीन हजारांहून जास्त वर्षं लागतात. शब्दकोश कुठला आणि पद्धत कुठली हे चोराला माहीत आहे असं धरूनच हा हिशोब आहे, त्यामुळे लपवण्यासारखे फक्त ते सहा शब्द. पाचच शब्द घेतले तर त्याच हजार कार्डांना तीन वर्षं पुरतात. म्हणून सहा.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, शब्द आवडला नाही म्हणून दुसरा काढणं. एकदा केलं की हात थांबत नाही, आणि शेवटी उरतात ते तुम्हाला आवडणारे शब्द. तेच तर चोर आधी करून बघणार. निघाला तो शब्द घ्या. विचित्र शब्द उलट चांगले लक्षात राहतात.

दुसरा, स्पेलिंग. शब्द रोमन अक्षरांत टाईप करायचे आहेत. `vadal` की `wadal`, `shevga` की `shewga`, हे आजच ठरवा आणि कागदावर जसंच्या तसं लिहा. सगळी अक्षरं लहान, शब्दांमध्ये एक डॅश. महिन्याभराने "मी कसं लिहिलं होतं" हा घोळ फार महागात पडतो, कारण जवळपास बरोबर असलेला पासवर्डही पूर्ण चुकीचाच असतो.

तिसरा, देवनागरीत पासवर्ड ठेवण्याचा मोह. दिसायला तेच जोडाक्षर वेगवेगळे कीबोर्ड आतून वेगळ्या चिन्हक्रमाने लिहू शकतात. फोनवर एक आणि संगणकावर दुसरा कीबोर्ड असला तर डोळ्यांना सारखा दिसणारा पासवर्ड चालणार नाही. शिवाय नव्या संगणकावर मराठी कीबोर्ड बसवलेला असेलच असं नाही.

## ३. खातं उघडा आणि फेऱ्यांचा आकडा तपासा

पत्ता स्वतः टाईप करून `bitwarden.com` वर जा, सर्चमधल्या जाहिरातीवरून नको. खातं उघडताना मास्टर पासवर्डसाठी "हिंट" लिहायची जागा दिसते. ती रिकामी सोडा. हिंट तुमच्या किल्लीने बंद होत नाही, सर्व्हर ती तुम्हाला ईमेलने पाठवू शकतो म्हणजे ती त्याला वाचता येते.

खातं उघडल्यावर वेबवर `Settings → Security → Keys` इथे जा. पद्धत आणि फेऱ्यांचा आकडा दिसेल. पीबीकेडीएफ२ असेल तर `600000` किंवा जास्त हवा. २०२३ पूर्वी उघडलेल्या खात्यांचा मूळ आकडा एक लाखाच्या आसपास होता. घरात कोणाचं जुनं खातं असेल तर हा आकडा आजच बघा. तिथे `Argon2id` हा दुसरा पर्यायही आहे. त्याला प्रत्येक अंदाजासाठी बरीच मेमरीही लागते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांची फौज त्यापुढे अडखळते. अगदी जुना फोन नसेल तर तो निवडायला हरकत नाही.

आकडा बदलला की सगळ्या उपकरणांवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. म्हणून हा बदल मार्चअखेरच्या गडबडीत करू नका.

## ४. कागद तयार करा, आणि पुराचा विचार करा

पासवर्ड विसरलात तर कंपनी मदत करू शकत नाही. तिच्याकडे किल्लीच नाही. एखादी सेवा झिरो-नॉलेज आहे की नुसती तसं म्हणते, हे ओळखायचा सोपा मार्गही इथेच आहे. फक्त ईमेलवर लिंक पाठवून कोणी तुमचा मास्टर पासवर्ड नवा करून देत असेल आणि आतल्या नोंदी तशाच दिसत असतील, तर किल्ली कुठेतरी त्यांच्याकडे आहे. आधीच नेमलेला विश्वासू माणूस किंवा ऑफिसचा अ‍ॅडमिन यांच्यामार्फत परत मिळवायची सोय वेगळी. ती तुम्ही स्वतः अगोदर चालू करता आणि त्यांच्यासाठी किल्लीची वेगळी बंद प्रत तयार होते.

म्हणून एका कागदावर हाताने चार गोष्टी लिहा:

- ईमेल पत्ता, खात्यात टाकला तसाच.
- मास्टर पासवर्ड, ठरवलेल्या स्पेलिंगसह.
- टू-स्टेप लॉगिनचा रिकव्हरी कोड.
- त्या ईमेल खात्याचा पासवर्ड.

टू-स्टेप लॉगिन म्हणजे पासवर्डनंतर ऑथेंटिकेटरमधला कोडही मागणं. तो फोन हरवला तर रिकव्हरी कोड कामी येतो. तो `Settings → Security → Two-step login` मध्ये मिळतो. आधी ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडा, मग कोड उतरवा.

चौथी ओळ लोक गाळतात आणि मग चक्रात अडकतात. फोन हरवला, नव्या उपकरणावरून लॉगिन करायचं आहे, पडताळणीचा कोड ईमेलवर आला, ईमेलचा पासवर्ड तिजोरीत, आणि तिजोरी त्या कोडशिवाय उघडत नाही. ईमेलचा पासवर्ड तिजोरीत ठेवाच, पण तोंडपाठ आणि कागदावरही असू द्या.

कागदाचा फोटो काढू नका. तो क्लाउडवर चढतो आणि मग एवढी सगळी रचना एका फोटोच्या आधाराने उरते. दोन हस्तलिखित प्रती करा आणि दोन वेगळ्या भागांत ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपण पाहिलंय. एक प्रत शाहूपुरीत असेल तर दुसरी राजारामपुरीच्या उंचावरच्या घरात किंवा बँक लॉकरमध्ये. दोन्ही प्लास्टिकच्या पाकिटात.

## ५. नोंदी भरा, पण घाईने सगळ्या नाही

आधी ब्राउझर एक्स्टेंशन आणि फोनवरचं अ‍ॅप बसवा. मग बँक, जीएसटी, पीएफ या क्रमाने एकेका साइटवर जाऊन जुन्याऐवजी नवा, मॅनेजरच्या जनरेटरने काढलेला पासवर्ड ठेवा. जुना पासवर्ड जसाच्या तसा आत टाकून थांबू नका, नाहीतर डायरी फक्त संगणकात आली एवढंच होईल. सरकारी पोर्टल्सवर लांबीची मर्यादा आणि ठरावीक चिन्हांची अट असते. नवा पासवर्ड ठेवला की लगेच लॉगआउट होऊन परत आत जाऊन बघा, कारण काही ठिकाणी लांब पासवर्ड न सांगता कापला जातो.

मामांकडे दिवसाला तीनचार नोंदी असं करत आठवडा गेला. मग डायरी फाडली.

## ६. सर्व्हर फुटला तर काय वाचतं, काय जातं

इथे प्रत्यक्ष घडलेलं प्रकरण बघणं बरं. लास्टपास या कंपनीत ऑगस्ट २०२२ मध्ये घुसखोरी झाली. त्यातून मिळालेल्या माहितीचा वापर करून पुढे ग्राहकांच्या तिजोऱ्यांची बॅकअप प्रतही चोरांनी उचलली. कंपनीने हे २२ डिसेंबर २०२२ रोजी जाहीर केलं.

पासवर्ड, युजरनेम आणि टिपा बंद होत्या, आणि किल्ल्या कंपनीकडे नव्हत्याच, त्यामुळे त्या चोरीला जाण्याचा प्रश्न नव्हता. झिरो-नॉलेजचं मुख्य आश्वासन हेच, आणि ते इथे उपयोगी पडलं.

पण दोन भेगा होत्या. पहिली, वेबसाइटचे पत्ते बंद केलेले नव्हते. म्हणजे कोणाचं खातं कुठल्या बँकेत आणि कुठल्या क्रिप्टो एक्स्चेंजवर आहे, हे चोराला पासवर्ड न फोडताही दिसत होतं. नावं, ईमेल आणि फोन नंबरही गेले होते. आधी कोणाची तिजोरी फोडायची आणि कोणाला फसवा फोन करायचा, हे ठरवायला एवढं पुरतं.

दुसरी भेग फेऱ्यांची. २०१८ पासून कंपनीचा ठरलेला आकडा १,००,१०० होता, पण कित्येक जुनी खाती ५,००० वर राहिली होती, काही त्याहूनही खाली. दुसऱ्या पायरीतला हिशोब आठवा. सहा लाखांऐवजी पाच हजार म्हणजे चोराचं काम १२० पट हलकं. २८ तासांचे होतात १४ मिनिटं. तिसऱ्या पायरीत आकडा तपासायला लावला तो यासाठी.

टू-स्टेप लॉगिनने इथे काही वाचलं का? नाही. टू-स्टेप सर्व्हरच्या दारावर असतं. दार न वापरता तिजोरीच उचलून नेली तर ऑथेंटिकेटरमधल्या सहा आकड्यांचा काही संबंध उरत नाही. त्या फाइलवर फक्त मास्टर पासवर्डचं कुलूप असतं. टू-स्टेप लावाच, कारण पासवर्ड कोणाला कळला तर ते त्याला दारात अडवतं. फक्त त्याच्या भरवशावर मास्टर पासवर्ड सोपा ठेवू नका.

बिटवॉर्डनमध्ये साइटचे पत्ते बंद होतात. तरी सर्व्हरला काही गोष्टी दिसतातच: तुमचा ईमेल, कुठल्या आयपीवरून आणि कुठल्या उपकरणावरून आलात, नोंदी किती, कोणती नोंद कधी बदलली. आणखी एक बारीक गळती आहे. प्रत्येक नोंदीशेजारी साइटचं छोटं चित्र दिसतं, ते आणण्यासाठी अ‍ॅप कंपनीच्या आयकॉन सर्व्हरला साइटचं नाव सांगतं. हे नको असेल तर सेटिंग्जमध्ये `Show website icons` बंद करा. माझ्या मते बहुतेकांना याने फरक पडत नाही, पण वकील, डॉक्टर, पत्रकार यांनी जरूर बंद करावं.

## ७. झिरो-नॉलेजच्या कक्षेबाहेर असलेल्या गोष्टी

तिजोरी उघडते तुमच्या संगणकावर, मग तुमचा संगणकच बिघडलेला असेल तर? कुठलीही झिरो-नॉलेज रचना त्यावर काही करू शकत नाही. लास्टपासच्याच प्रकरणात पुढे समोर आलं की एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर कळा टिपणारा प्रोग्राम बसवून चोरांनी त्याचा मास्टर पासवर्ड मिळवला होता. तो गणित फोडून नाही, टाईप होताना वाचून मिळवला. उद्यमनगरात असो की गोकुळ शिरगावला, दुकानातल्या बिलिंगच्या संगणकावर क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर असणं नवीन नाही. त्या संगणकावर मास्टर पासवर्ड टाकू नका. आधी तो साफ करून घ्या किंवा तिजोरी फक्त फोनवर उघडा.

तिजोरी उघडी असतानाच हा धोका असतो, म्हणून ती लवकर मिटायला हवी. टाइमआउट पंधरा मिनिटांचा ठेवा. `Never` ठेवलं तर किल्ली उपकरणावर साठून राहते.

पिनने उघडण्याची सोय घेत असाल तर एक सापळा नीट समजून घ्या. संगणकावरच्या अ‍ॅपमध्ये पिन चालू करताना रीस्टार्टनंतर मास्टर पासवर्ड मागावा का असं विचारलं जातं. त्यावरची टिक काढली तर किल्ली त्या पिनने बंद होऊन डिस्कवर राहते. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला सहा शब्द शोधायचे नाहीत, चार आकडे शोधायचे आहेत. दहा हजार शक्यता. वरच्या हिशोबातल्या एका कार्डाला त्या एका सेकंदाच्या आहेत. टिक तशीच राहू द्या.

फसव्या साइटचं थोडं वेगळं आहे. इथे मॅनेजर तुम्हाला मदत करतो, पण त्याचं ऐकलं तरच. तो साइटचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पासवर्ड भरतो. बँकेसारखं हुबेहूब पान उघडलं आणि एक्स्टेंशनने काहीच सुचवलं नाही, तर तिथेच थांबा आणि पत्ता वाचा. "आज चालेना वाटतं" म्हणून तिजोरीतून कॉपी करून चिकटवलात, तर पासवर्ड तुम्ही स्वतःच्या हाताने दिलात. तिजोरीवरचं कुलूप शाबूतच राहतं.

शेवटची मर्यादा खुद्द कंपनीच्या सॉफ्टवेअरवरच्या विश्वासाची. कुलूप लावणारा कोड कंपनीच लिहिते. ब्राउझरमध्ये वेबसाइट उघडून तिजोरी वापरता तेव्हा तो कोड त्यांच्या सर्व्हरवरून येतो. कोणी तो सर्व्हर ताब्यात घेऊन पानात दोन ओळी घुसवल्या तर तुमचा मास्टर पासवर्ड टाईप करतानाच बाहेर जाईल. म्हणून वेबवरचं पान फक्त सेटिंगसाठी ठेवा आणि रोज एक्स्टेंशन किंवा अ‍ॅप वापरा. त्यांचेही अपडेट कंपनीच पाठवते, पण एकाच माणसाला गुपचूप वेगळी आवृत्ती देणं तिथे अवघड असतं. खुल्या कोडचा फायदाही इथेच: बाहेरचे लोक तो वाचू शकतात. एवढाही भरवसा नको असेल तर कीपास वापरता येतं. त्यात तिजोरी म्हणजे तुमच्याच डिस्कवरची एक फाइल, सर्व्हर नाहीच. मग बॅकअप आणि फोन-संगणकातला ताळमेळ पूर्णपणे तुमच्याकडे. मामांसाठी मी ते निवडलं नाही, कारण रोज कोणी ती फाइल सांभाळणार नव्हतं.

## ८. बॅकअप घ्या, आणि प्रत चोरीला गेली तर काय करायचं ते ठरवून ठेवा

`Tools → Export` मधून बॅकअप निघतो. फॉरमॅट `.json (Encrypted)` निवडा. साधा `.json` किंवा `.csv` घेतला तर सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात आणि फाइल डाउनलोड्समध्ये तशीच पडून राहते.

पुढे प्रकार विचारला जाईल, आणि बरेच जण इथे चुकतात. `Account restricted` ही फाइल तुमच्या खात्याच्या त्या दुसऱ्या, यादृच्छिक किल्लीनेच उघडते. खातं बंद झालं किंवा ती किल्ली नवी केली, की फाइल कायमची निरुपयोगी. बॅकअप म्हणून `Password protected` घ्या, सोडतीने काढलेला पासवर्ड द्या आणि तो कागदावर पाचव्या ओळीत लिहा. फाइल पेनड्राइव्हवर. दर तीन महिन्यांनी नवी घ्या.

आता समजा बातमी आली की कंपनीकडून तिजोऱ्या चोरीला गेल्या. पहिली प्रतिक्रिया असते मास्टर पासवर्ड बदलायची. पहिल्या पायरीतला थर आठवा. बदलल्याने सर्व्हरवरच्या आजच्या प्रतीचं कुलूप बदलतं. चोराकडे कालची प्रत आहे, कालच्या कुलपासकट, आणि ती कालच्याच पासवर्डने उघडेल. त्या प्रतीपर्यंत तुमचा हात पोचत नाही. जिथे हात पोचतो त्या म्हणजे साइट्स: चोराच्या प्रतीतला बँकेचा पासवर्ड बँकेत चालणार नाही असं करायचं.

क्रम असा ठेवा:

- आधी ईमेल, कारण बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरून रीसेट होतात.
- मग बँका आणि यूपीआय अ‍ॅप.
- मग जीएसटी, आयकर, पीएफ.
- मग मोठ्या गिऱ्हाइकांची पोर्टल्स.
- तिजोरीत टीप म्हणून लिहिलेले एटीएम पिन आणि इतर साइट्सचे रिकव्हरी कोड.

शेवटची ओळ हमखास राहते, कारण ते "पासवर्ड" या नावाखाली नसतं. ऑथेंटिकेटरचे कोडही त्याच तिजोरीत ठेवत असाल तर त्या साइट्सवर टू-स्टेप बंद करून पुन्हा नव्याने जोडा, कारण कोड तयार करणारी गुप्त किल्लीही त्या प्रतीत गेलेली आहे.

हे झाल्यावर मास्टर पासवर्ड नव्या सोडतीने बदला आणि बदलताना `Also rotate my account's encryption key` वर टिक करा. त्याने यादृच्छिक किल्लीही नवी होते आणि सगळ्या नोंदी नव्याने बंद होतात. त्याआधी बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट व्हा. जुन्या किल्लीवर चालणारं एखादं उपकरण मध्येच नोंद जतन करायला गेलं तर ती नोंद खराब होऊ शकते. सगळं झाल्यावर पेनड्राइव्हवरचा बॅकअप नवा घ्या आणि कागदाच्या दोन्ही प्रती बदला. जुन्या जाळून टाका.